चवथीचा फोटो आणि दिवाळीचा कागद

*मी फोंड्यात राहतो, वय 36. यंदा चवथीच्या सकाळी नेटवरून गणपतीचा एक छान फोटो उतरवला, त्यावर 'आनंदाची व भरभराटीची चवथ' असं छापलेलं होतं, आणि ब्रॉडकास्ट लिस्टवरून सगळ्यांना पाठवला. त्यात डिचोलीची मावशीही होती. तिचे यजमान आषाढात गेले. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. मग आईकडून कळलं, मावशी म्हणाली, "ताका कळना काय, आमगेर कितें जालां तें?" आता दिवाळी तोंडावर आहे. बायको म्हणते, हाताने लिहा. पण माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि हाताने मराठी लिहून वीस वर्षं झाली. मावशीला काय पाठवू? आणि बाकीच्या दोनशे लोकांचं काय? सगळ्यांना पत्रं लिहीत बसलो तर तुळशीचं लग्न उजाडेल.*

बाकीच्या दोनशेंची काळजी सोडा, त्यांना फोटोच पाठवा. त्यांच्याकडे मी शेवटी येते. आधी चवथीला नेमकं काय झालं ते बघू, कारण तुमच्या लक्षात न आलेली एक गोष्ट त्यात आहे.

तुम्ही तो फोटो दुसऱ्या कोणाच्या मेसेजवरून पुढे ढकलला असतात, तर त्याच्यावर बारीक अक्षरात Forwarded लिहून आलं असतं. ही खूण व्हॉट्सअ‍ॅपने 2018 मध्ये आणली. पाच किंवा जास्त हातांतून फिरलेल्या मेसेजवर दुहेरी बाण आणि Forwarded many times असंही येतं. मावशीने ते पाहिलं असतं, तर 'आलं गेलं' म्हणून कदाचित सोडूनही दिलं असतं. आपल्याकडे आता साठीच्या बायकाही त्या बाणाचा अर्थ ओळखतात. पण तुम्ही फोटो फोनमध्ये उतरवून ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलात. अशा मेसेजवर बाण येत नाही, आणि तो 200 जणांना गेला हे घेणाऱ्याला कुठेच दिसत नाही. ब्रॉडकास्टची सोयच तशी आहे: प्रत्येकाला तो तुमच्याकडून, खास त्याच्यासाठी आल्यासारखा मिळतो.

म्हणजे मावशीच्या फोनवर काय दिसलं? तिच्या भाच्याने, चवथीच्या सकाळी, तिचं नाव उघडून, तिला 'भरभराटीची चवथ' म्हटलं. तुम्ही न बघता पाठवलंत, तिने मात्र तुम्ही बघून पाठवलंत असंच वाचलं. आता तिचं ते वाक्य पुन्हा वाचा.

त्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर मेसेज पुसायचा प्रयत्न तरी करता आला असता. साध्या मेसेजला त्यासाठी साधारण अडीच दिवसांची मुदत असते. पण पुसल्यावर 'मेसेज पुसला' अशी ओळ मागे उरते, आणि दुखावलेल्या माणसाला ती ओळ आणखी टोचते. तेव्हा ते हुकलं याचं फारसं वाईट वाटून घेऊ नका.

यात तुम्हाला बोलायचा मला अधिकार आहे असंही नाही. आमच्या वाड्याच्या ग्रुपवर एका घरच्या मुलाने वडील गेल्याचं कळवलं. पहिल्या माणसाने 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिताना घाईत मयताऐवजी त्याच्या थोरल्या भावाचं नाव घातलं. तो भाऊ जिवंत, आणि ग्रुपवर हजर. पुढच्या प्रत्येकाने वरचा मेसेज दाबून धरला, कॉपी केला, चिकटवला. सातवी मी. दहाव्या की अकराव्या माणसानंतर त्या भावाने स्वतःच लिहिलं, "हांव आसां." मी चार दिवस त्यांच्या दारावरून न जाता मागच्या पाणंदीने बाजारात जात होते.

तेव्हापासून शुभेच्छा असो की सांत्वन, पाठवायच्या आधी मी एकच बघते. त्या माणसाच्या घरात गेल्या वर्षभरात असं काही झालंय का, जे त्या चित्राला ठाऊक नाही? नसेल तर चित्र चालतं. असेल तर, मग ते दुःखाचं असो की सुखाचं, आपले शब्द लागतात. छापील चित्राला आषाढ माहीत नसतो. घरात नवीन बाळ आलं, पोर बारावीला नापास झालं, कोणाची किमो चालू आहे, कोणाचं लग्न मोडलं, यातलं काहीच त्याला माहीत नसतं. ते सगळ्यांच्या घरी सारखंच आनंदी तोंड घेऊन जातं.

आता मावशी. दिवाळीला तिला फोटो नको, इमोजी नको, ग्रुपवर तर काहीच नको. कागदावर लिहा. आणि माझं ऐकाल तर तो कागद पोस्टाने पाठवू नका, फराळाच्या डब्यातून न्या. वर्षाचं होईपर्यंत ज्या घरात सण करत नाहीत, तिथे नातलगांनी करून नेऊन द्यायची रीत आपल्यात आहेच. तुमच्या आईला विचारा, मावशीच्या घरी काय पाळतात, काय चालतं, कोणत्या दिवशी गेलेलं चालेल. दर घरचं वेगळं असतं आणि यात आपण शहाणपण करायचं नसतं.

लिहायचं काय, यावरच तुमचं अडलंय असं मला वाटतं, अक्षरावर नाही. तुम्ही बसलात की पहिल्यांदा हातातून हे उतरेल: 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. ही दिवाळी आपणास व आपल्या कुटुंबीयांस सुखाची, समृद्धीची व भरभराटीची जावो.' हे हाताने लिहिलं तरी फॉरवर्डच. वीस वर्षांत मराठी लिहिलं नाही की डोक्यात फक्त बॅनरवरचं मराठी उरतं. शिवाय मावशीला तुम्ही जन्मात कधी 'आपणास' म्हटलंय?

ते खोडून तुम्ही दुसऱ्यांदा लिहाल ती भली मोठी माफी असेल. 'मावशी, माझ्याकडून अक्षम्य चूक झाली, मी इतका मूर्ख कसा, तेव्हापासून मला झोप नाही...' हेही नको. असं पत्र वाचून तिलाच तुमची समजूत घालावी लागेल, 'असूं दी रे, जाता' म्हणावं लागेल. आषाढात नवरा गेलेल्या बाईला हे काम लावायचं नाही. माफी एका ओळीत संपली पाहिजे, आणि चूक काय ते त्या ओळीत सरळ आलं पाहिजे.

मग उरतात दोन गोष्टी. काकांची एक आठवण, आणि तुम्ही काय करणार आहात ते. आठवण अशी निवडा की ती तुमच्या घराबाहेर कोणी लिहूच शकणार नाही. 'काका फार प्रेमळ होते' हे गोव्यातल्या प्रत्येक काकांबद्दल म्हणता येतं. काकांचा आवाज कसा, ते काय म्हणायचे, कुठे बसायचे, काय आवडायचं, तिथे जा. तुमचे काका मला माहीत नाहीत, म्हणून मी माझ्या मनाने एक नमुना लिहिते. तुम्ही त्यात तुमचं भरा, मूळचं उतरवू नका, नाहीतर मग माझंच फॉरवर्ड होईल.

*ती.स्व. मावशीस,*
*शिरसाष्टांग नमस्कार.*
*चवथीला तुला तो फोटो मी न बघता सगळ्यांबरोबर पाठवला. चुकलं माझं.*
*काकांशिवायची ही पहिली दिवाळी. पहाटे आमची न्हाणी झाली की काका स्वतः उंबऱ्यात कारीट आणून ठेवायचे, आणि माझ्या पायाखाली ते एका फटक्यात फुटलं नाही तर म्हणायचे, "नरकासूर बळीश्ट आसा रे तुजो." मग फोव वाढताना रोसातले मला आणि ताकातले दादाला, हे त्यांना कधी विचारावं लागलं नाही. यंदा कारीट फोडताना ते आठवणार.*
*डब्यात थोडे फोव आणि चकल्या आहेत. पुढच्या रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं पुन्हा येतो. तुला त्या दिवशी माणसं नको असतील तर आईकडे निरोप दे, आम्ही त्याच्या पुढच्या रविवारी येऊ.*
*तुझा,*

आणि खाली नाव. सगळं मिळून नव्वदएक शब्द, कागदाचं एक पान. यात 'शुभेच्छा' हा शब्द नाही, तो मुद्दाम टाळलाय. 'काळजी घे', 'धीर धर', 'काळ हेच औषध' हेही नाही. शेवटच्या वाक्यात तिला 'नको' म्हणायची वाट ठेवलीय, तीही तुम्हाला थेट न सांगता आईमार्फत. भाच्याला नको म्हणणं तिला जड जाईल, बहिणीला सांगणं सोपं.

मायन्याचं एक. स्वतःच्या आईवडिलांना 'तीर्थरूप', आणि त्यांच्या जागी असलेल्यांना 'तीर्थस्वरूप'. म्हणून मावशीला ती.स्व. पण याहून मोठी गोष्ट आहे ती पाकिटावरच्या नावाची. वर्षानुवर्षं हाताला सवय असते 'सौ.' लिहायची. त्या एका अक्षराने सगळं पत्र वाया जाईल. 'श्रीमती' लिहा, किंवा डब्यातून नेणार असाल तर नुसतं 'मावशी'. मी दोनदा तपासते, कारण पाकीट सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत लिहिलं जातं. याच कारणासाठी पुढच्या ज्येष्ठात वटपौर्णिमेची ती अखंड सौभाग्याची चित्रं, आणि चवथीच्या आदल्या दिवशी तयेची, म्हणजे हरतालिकेची चित्रं तुमच्या घरातल्या कोणी मावशी असलेल्या ग्रुपवर टाकणार नाही, एवढं बघा. बायकांच्या ग्रुपवर हे फार होतं, आणि ज्या बाईला ते लागतं ती कधी बोलत नाही, गुपचूप ग्रुप म्यूट करते.

आता तुमचे कोंबडीचे पाय. आधी फोनवर टाइप करा, तिथे खाडाखोड करा, मग ते बघून कागदावर उतरवा. एक ओळ सोडून एक लिहा. नेहमीपेक्षा दीडपट मोठं अक्षर काढा. मोठं काढलं की हात आपोआप सावकाश चालतो, आणि मावशीला चष्मा शोधावा लागत नाही. मुलाच्या वहीचा आखीव कागद चालतो, पण टराटरा फाडलेली कड कात्रीने सरळ करा. एखादा शब्द चुकला तर एका रेघेने खोडून पुढे जा. सगळं पत्र पुन्हा लिहू नका, खोडलेल्या शब्दाने काही बिघडत नाही. पेन साधं बॉलपेन घ्या. जेलची आणि शाईची पेनं गोव्याच्या हवेत विश्वासाची नाहीत. त्यांतल्या बऱ्याच पेनांची शाई पाण्यात विरघळणारी असते, डब्याच्या झाकणाला धरलेला घाम लागला की अक्षर पसरतं. बॉलपेनची शाई तेलकट असते, ती धरून राहते. आणि कागद डब्यात चकलीवर ठेवू नका बरं, बाहेर पाकिटात ठेवा. तेलाचा डाग पडलेलं पत्र मी एकदा दिलंय.

पोस्टाने पाठवायची वेळ आलीच, म्हणजे मावशीने आत्ता कोणी नको असं कळवलं, तर लखोटा वापरा. पोस्टकार्ड अजून 50 पैशांत मिळतं आणि मला ते फार आवडतं, पण उघडं असतं. पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत तुमची माफी सगळे वाचतील. लखोट्याला पाच रुपयांचं तिकीट पुरतं. पत्त्यात वाड्याचं नाव आणि कोणाच्या घराजवळ ते न विसरता घाला, आमच्या गावांत नुसत्या घर नंबरावर पत्र फिरत राहतं. दिवाळीत पोस्टाला सुट्ट्या असतात, तेव्हा आठवडाभर आधी पेटीत टाका. पावसाळ्यात, म्हणजे चवथीच्या सुमाराला लिहायचं झालं, तर लखोटे आधीपासून कपाटात ठेवू नका. दमट हवेने त्यांची गोंदाची पट्टी आपोआप चिकटते आणि रिकामी पाकिटं मोहोरबंद होऊन बसतात.

हाताने लिहून फोटो काढून पाठवला तर चालेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण या सदरात दर सणाला कोणीतरी विचारतं. दुबईत, लंडनमध्ये असलेल्या माणसाला चालेल, तिथे पत्र पोचेपर्यंत सण जातो. दिवसा खिडकीपाशी कागद सपाट ठेवून, फ्लॅश न लावता काढा, आणि फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे अक्षर धूसर होत नाही. फोंडा ते डिचोलीला मात्र हे शोभत नाही. कदंबाच्या बसने जाता येतं तिथे पत्राचा फोटो म्हणजे निव्वळ आळस.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई आता सगळ्यांनाच पत्रं लिहायला लावणार. उलट सांगते. हाताने लिहिलेलं पत्र घेणाऱ्यावर ओझंही असतं. मी एकदा शेजारणीला पन्नासाव्या वाढदिवसाला दोन पानी पत्र दिलं, मनापासून. ती आठवडाभर मला टाळत होती. मग एका संध्याकाळी तुळशीपाशी गाठून म्हणाली, "उत्तर काय लिहू गो तुला, मला असं लिहिता येत नाही." तिला एक फुलांचा फोटो आणि 'ये चहाला' एवढं पुरलं असतं. ज्या माणसाशी तुमचं नातं 'सेम टू यू' एवढ्यावर छान चाललंय, त्याला पत्र लिहून त्याची पंचाईत करू नका. तुमच्या ऑफिसातले, शाळेचा ग्रुप, मुलाच्या वर्गातले पालक, गॅरेजवाला, जुना घरमालक, यांना फोटोच हवा असतो. ती फक्त मान हलवून ओळख दाखवणं असतं, आणि रस्त्यात मान हलवणं वाईट थोडंच.

फक्त तो फोटो पाठवायच्या आधी मोठा करून तळाची पट्टी वाचा. गोव्यात फिरणाऱ्या शुभेच्छांच्या चित्रांत निम्म्यांच्या खाली कोणत्यातरी आमदाराचा किंवा पंचाचा हात जोडलेला फोटो असतो, उरलेल्यांत कोणा अनोळखी परिवाराचं नाव नाहीतर मागचं साल. मला एका भाच्याकडून आलेल्या शुभेच्छेखाली एका टाइल्सच्या दुकानाचा फोन नंबर होता. मी त्याला विचारलं, दुकान कधी काढलंस.

त्यापेक्षा स्वतः काढलेला फोटो केव्हाही बरा. चवथीला तुमच्या घरची, गणपतीवर बांधलेली माटोळी, त्यात कांगलं, माट्टी, घागऱ्या, सुपारीचा घड, आणि बाजूला स्टुलावर चढलेला तुमचा मुलगा. दिवाळीला वाड्यावरच्या पोरांचा अर्धवट नरकासुर, डोकं अजून न बसवलेला. नेटवरच्या दिवाळीच्या चित्रांत उटणं असतं, करंज्या असतात, पण कारीट नसतं आणि पाच तऱ्हांचे फोव नसतात. परगावच्या गोंयकाराला तो फोटो दोनशे पणत्यांच्या चित्रापेक्षा जास्त पोचतो. खाली एक ओळ लिहा, 'आमचो नरकासूर, मुंडें उद्यां'. बस झालं.

इमोजी मी स्वतः भरपूर वापरते, तेव्हा त्यांना नावं ठेवणार नाही. शब्दांच्या मागे एक आलं की वाक्याला आवाज मिळतो. शब्दांच्या जागी आलं की घेणारा आपल्या मनाने वाचतो, आणि तिथे गोंधळ. 💐 बघा. वाढदिवसालाही तोच गुच्छ, श्रद्धांजलीलाही तोच. 😂 मध्ये डोळ्यांतून पाणी येतं म्हणून आमच्या एका आत्याने ते वर्षभर रडण्याचं म्हणून वापरलं, मयतांना सुद्धा, आणि सांगायची कोणाची हिंमत होईना. 🪔 ही पणती इमोजींत 2019 मध्ये आली. त्याआधीचा, नवं काही न उतरवलेला फोन असेल तर तिच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. तुम्ही पाच पणत्या पाठवता, घेणाऱ्याला पाच चौकोन मिळतात, आणि तुम्हाला ते कधीच कळत नाही. म्हाताऱ्या माणसांना पाठवायचं तर जुनी, साधी इमोजी बरी. त्यातही 🙏 सगळ्यात निर्धोक. ते नमस्कारालाही चालतं, आभारालाही, आणि काय बोलावं कळत नसतं तेव्हाही.

एक जागा मात्र घसरगुंडीची आहे. 2022 पासून मेसेजवर बोट दाबून धरलं की वर सहा चिन्हांची ओळ येते. त्यात लाल बदामाच्या अगदी शेजारी 😂 बसलंय. निधनाच्या बातमीवर तुमचा अंगठा अर्धा सेंटिमीटर सरकला की संपलं. चुकून लागलंच तर त्यावर पुन्हा टेकवलं की निघतं. तरी मृत्यूच्या बातमीला ती ओळ वापरूच नये असं माझं मत. दोन शब्द टाइप करा, स्वतःचे, आणि नाव वरच्या मेसेजवरून उचलू नका. का, ते सांगून झालंय.

ख्रिस्ती शेजाऱ्यांचंही याच ओघात. नाताळला फोटो, इमोजी, गाणं, सगळं चालतं, कन्सुआदाचं, म्हणजे नाताळच्या गोडाचं ताट आलं की परत पाठवताना त्यात काहीतरी घालायचं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पण गुड फ्रायडेला कृपा करून फुलांच्या चित्रावर 'हॅपी' लिहिलेलं पाठवू नका. नावात गुड असलं तरी तो दुःखाचा, उपासाचा दिवस. नेटवर तसली चित्रं ढिगाने मिळतात, म्हणजे ती बरोबर असतात असं नाही. शुभेच्छा दोन दिवस थांबून ईस्टरला द्या.

आता तुमची लिस्ट. ती ठेवा, पण तिला कोणीतरी सांभाळायला हवं, आणि ते तुम्हीच. ज्या दिवशी एखाद्या घरची वाईट बातमी येते, त्याच दिवशी, मयताला जायच्या आधी, ब्रॉडकास्ट लिस्ट उघडा, तिच्या नावावर टेकवा आणि त्या घरातले सगळे नंबर काढा. फक्त एक नाही, सगळे: मुलगा, सून, परदेशातली मुलगी. नंतर करू म्हटलं की विसरतं, आणि चवथीच्या पहाटे मोदकाच्या गडबडीत कोणाला आठवत नाही. वर्षश्राद्ध झालं की पुन्हा घाला. मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर त्या तिथीला पेन्सिलीने छोटी फुली करते. कुठल्या घराची ते मला कळतं, पाहुण्यांना कळत नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री लिस्टवरची नावं एकदा वरपासून खालपर्यंत वाचायला पाच मिनिटं लागतात. वाचताना ज्या नावाशी बोट थांबेल ते बाहेर काढा. तसे तीन-चारच निघतील. त्यांना कागद, नाहीतर फोन.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. रविवारी तुम्ही डबा द्याल, मावशी पाकीट तुमच्यासमोर उघडणार नाही, कपाटावर ठेवून देईल. चहा होईल, आईच्या गुडघ्यांचं बोलणं होईल, चवथीचा विषय निघणार नाही, तुम्हीही काढू नका. मग दोन दिवसांनी रात्री उशिरा तुमच्या फोनवर नुसतं 🙏 येईल. त्यावर काही पाठवू नका, आणि एवढं लिहिलं तरी एका चिन्हावर भागवलं असं मनातही आणू नका. ते पूर्ण उत्तर आहे.